यादीत नाव कसं येतं: पारधी, कैकाडी आणि धनगर

प्रश्न: सोलापुरात पारध्यांना एसटीचा दाखला मिळतो, पण इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे कोंडलं त्या सेटलमेंटमध्ये त्यांच्याच शेजारी राहिलेल्या कैकाड्यांना मिळत नाही. आमच्या मंगळवेढ्याकडचा धनगर समाज कित्येक वर्षं मागणी करतोय, तरी यादीत नाव येत नाही. मग एखादा समाज आदिवासी आहे हे नक्की ठरवतं कोण, आणि कशावरून?

उत्तर: ठरवतात राष्ट्रपती. आणि एकदा ठरलं की त्यात बदल करू शकते ती फक्त संसद. मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, यांपैकी कुणालाही यादीत एक नाव घालता येत नाही की काढता येत नाही. मी जात पडताळणीची प्रकरणं चालवणारा वकील आहे. सोलापूर जिल्ह्यातून माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांचा गोंधळ इथेच असतो. त्यांना वाटतं, आपण निकषांत बसतो हे सिद्ध केलं की दाखला मिळेल. प्रत्यक्षात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. समाजाचं नाव यादीत येणं ही पहिली. त्या नावाचा माणूस आपणच आहोत हे दाखवणं ही दुसरी. निकष लागतात ते पहिल्या पायरीवर, आणि तुमचा प्रश्नही तिथलाच आहे.

राज्यघटनेत आदिवासी कोण याची व्याख्याच नाही. कलम ३६६ च्या २५ व्या पोटकलमात एवढंच म्हटलंय की कलम ३४२ खाली ज्या जमाती जाहीर होतील त्या अनुसूचित जमाती. कलम ३४२ सांगतं की राष्ट्रपतींनी त्या त्या राज्याच्या राज्यपालांशी सल्लामसलत करून जमातींची नावं अधिसूचनेने जाहीर करावीत. पुढे त्यात भर घालायची किंवा नाव वगळायचं तर संसदेने कायदा करावा. या कलमातले काही शब्द फार कमी लोक नीट वाचतात: जमाती, आदिवासी समुदाय, ‘किंवा त्यांचे भाग, किंवा त्यांच्यातील गट’. म्हणजे अख्खा समाजच घ्यावा लागतो असं नाही, त्यातला एखादा गटही घेता येतो. धनगरांच्या प्रश्नात हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. त्याकडे नंतर येतो.

यादी राज्यवार असते, यातून निम्मे घोळ होतात. आपल्या मुळेगाव तांड्यावरचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. त्याचे कर्नाटकातले पाहुणे अनुसूचित जातीत आहेत आणि तेलंगणातले अनुसूचित जमातीत. बोली एक, देव एक, सोयरीकही होते, पण याद्या तीन. आणि दाखला राज्याची हद्द ओलांडून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केलं. तेलंगणातून सोलापुरात स्थायिक झालेला लंबाडा, म्हणजे तिथला बंजारा, इथे एसटीच्या जागेवर हक्क सांगू शकत नाही.

आता सेटलमेंटचं बघू. पहिली यादी राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० रोजी जाहीर केली. त्या वेळी गावोगाव फिरून कुणी नव्याने अभ्यास केला नव्हता. हाताशी इंग्रजांच्या काळच्या याद्या होत्या, त्यांवरच बहुतांशी भिस्त ठेवली गेली. १९३१ च्या जनगणनेत आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती होत्या, आणि १९३५ च्या कायद्याखाली प्रांतवार तयार झालेल्या मागास जमातींच्या याद्या होत्या. मुंबई इलाख्यात त्याआधी १९३० साली स्टार्ट समितीचा अहवाल आला होता. डॉ. आंबेडकर या समितीचे सभासद होते. तिने मागासांची अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास अशी तिहेरी वाटणी सुचवली. समितीचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचे अधिकारी होते. तारेच्या कुंपणाआडची माणसं त्यांच्याइतकी जवळून पाहिलेला दुसरा साहेब नसेल. तरीही गुन्हेगार ठरवलेल्या जमाती सरसकट आदिवासी गटात गेल्या नाहीत. काहींची नावं आदिवासींच्या यादीत गेली, काहींची अस्पृश्यांच्या, तर बरीचशी कुठेच नाही.

पारधी हे नाव यादीत गेलं. आजच्या महाराष्ट्राच्या यादीत ३८ क्रमांकाला पारधी आहेत, आणि त्यांच्याबरोबर अडविचिंचेर, फासेपारधी, लंगोली पारधी, चिता पारधी, शिकारी, टाकणकार अशी नावंही आहेत. फासे लावून तितर-हरणं धरणं, गावाबाहेर पाल टाकून राहणं, गुजरातीशी नातं सांगणारी आपली वेगळी बोली, ही त्यांची ओळख जुन्या वर्णनांत ठळकपणे आलेली होती. कैकाडी टोपल्या आणि कणग्या विणून गावोगाव विकायचे. त्यांचीही बोली वेगळी, दक्षिणेकडच्या भाषांशी नातं सांगणारी, आणि त्यांचीही जातपंचायत स्वतःची. पण गावगाड्याशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. मला विचाराल तर या दोघांत एवढी मोठी दरी नव्हती की एकाने यादीत असावं आणि दुसऱ्याने नसावं. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हेच कैकाडी अनुसूचित जातीत आहेत, आणि सोलापुरात विमुक्त जातीत. प्रांतांच्या जुन्या याद्या वेगवेगळ्या होत्या, राज्यपुनर्रचनेत त्या जशाच्या तशा एकत्र जोडल्या गेल्या, आणि सीमारेषा मात्र कायम राहिल्या. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने जमातींवरची अशी बरीच क्षेत्रबंधनं उठली, कैकाड्यांची उठली नाहीत. सेटलमेंट फ्री कॉलनीतल्या माणसाला हा अन्याय वाटतो, आणि मलाही वाटतो.

आता निकष. आज सगळे ज्या पाच निकषांचा उल्लेख करतात ते १९५० साली नव्हते. याद्या सुधारण्यासाठी केंद्राने बी. एन. लोकूर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने १९६५ च्या अहवालात सांगितलं की आपण पुढच्या खुणा शोधल्या: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्या समाजाशी संपर्काबद्दलचा संकोच, आणि मागासलेपण. हे निकष कुठल्याही कायद्यात नाहीत. पण प्रस्ताव तपासताना केंद्र सरकार आजही तेच लावतं. २०१४ साली केंद्राच्याच एका कार्यगटाने ते जुने आणि अपमानास्पद ठरवून बदलायला सांगितलं होतं. तरी व्यवहारात तेच चालतात.

यातला मागासलेपणाचा निकष लोक सगळ्यात आधी पुढे करतात. प्रत्यक्षात त्याचंच वजन सगळ्यात कमी. गरिबी आणि अशिक्षितपणा दाखवला तर फार तर ओबीसीचा मुद्दा उभा राहतो. अस्पृश्यता सोसली असेल तर तो अनुसूचित जातीचा मुद्दा होतो. अनुसूचित जमातीसाठी दाखवावं लागतं की हा समाज गावगाड्याच्या जातिव्यवस्थेबाहेर, आपल्या मुलखात, आपल्या रीतीने जगत आला. लोकूर समितीने एक गोष्ट स्पष्टच लिहिली आहे: ज्या जमातींचे लोक बहुतांशी सर्वसाधारण लोकसंख्येत मिसळून गेले आहेत त्या यादीला पात्र नाहीत. प्रस्ताव फसतात ते या वाक्यावर. याच समितीने विमुक्त आणि भटक्या जमातींबद्दल वेगळं मत मांडलं. त्यांना एससी-एसटी याद्यांतून काढून स्वतंत्र गट मानावं आणि त्यांच्या जगण्याला साजेशा योजना आखाव्यात, असं ते मत होतं. महाराष्ट्राने १९६१ सालीच विमुक्त जाती आणि भटक्या जमातींची आपली यादी केली होती. कैकाडी त्या यादीत गेले ते आजतागायत तिथेच आहेत.

नाव घालायचं असेल तर आज काय करावं लागतं, ते सांगतो. ही पद्धत केंद्राने १९९९ साली घालून दिली आणि २००२ साली तीत सुधारणा केली. सुरुवात राज्य सरकारच्या शिफारशीने होते. शिफारस म्हणजे विधानसभेतला ठराव किंवा मोर्चाला दिलेलं आश्वासन नव्हे. तिच्यासोबत त्या समाजाचा मानववंशशास्त्रीय अहवाल लागतो: राहण्याची ठिकाणं, लग्नपद्धती, नातेव्यवस्था, देवदैवतं, बोली, पोटगट, व्यवसाय, शिक्षण, जुन्या गॅझेटियर आणि जनगणनेतल्या नोंदी. तो प्रस्ताव केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाकडे जातो, आणि मंत्रालय तो भारताच्या महानिबंधकांकडे, म्हणजे जनगणना करणाऱ्या कार्यालयाकडे, पाठवतं. तिथले अभ्यासक जुन्या जनगणना आणि इलाख्यांच्या काळातली जातिजमातींची वर्णनं उघडून बसतात आणि बघतात की राज्य आज जे सांगतंय ते शंभर वर्षांपूर्वीही दिसत होतं का. महानिबंधकांचं मत प्रतिकूल आलं तर प्रस्ताव फेरविचारासाठी राज्याकडे परत जातो. दुसऱ्यांदाही नकार आला तर केंद्र तो फेटाळू शकतं. त्यांची संमती मिळाली की प्रस्ताव राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे जातो. तिथून केंद्रीय मंत्रिमंडळ, मग संसदेत विधेयक, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही.

हे सगळं कागदावरच राहतं असं समजू नका. हिमाचलातल्या सिरमौर जिल्ह्याच्या गिरिपार भागातले हाटी लोक कित्येक वर्षं मागत होते. महानिबंधकांनी आधी नकार दिला, पुढे मत बदललं, आणि २०२३ साली संसदेने कायदा केला. त्यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती. नदीपलीकडचा शेजारचा जौनसार-बावर हा तशाच रीतिभातींचा भाग १९६७ पासून यादीत होता. आपल्या दाराजवळचं उलटं उदाहरण गोव्याचं आहे. २००३ साली तिथल्या गावडा, कुणबी आणि वेळीप यांना यादीत जागा मिळाली, धनगर-गवळी मात्र बाहेर राहिले. त्यांचा प्रस्ताव महानिबंधकांकडे जाऊन नकार घेऊन परत आला.

आता तुमच्या मंगळवेढ्याच्या धनगरांकडे येतो. महाराष्ट्राच्या यादीत ३६ क्रमांकाला ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे. धनगर समाजाचं म्हणणं असं की महाराष्ट्रात धनगड नावाचे लोकच नाहीत, इंग्रजीत लिहिताना ‘र’ चा ‘ड’ झाला, आणि ही नोंद खरं तर आपलीच आहे. हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो, म्हणून आंदोलनाने तो धरून ठेवला. कायद्यात मात्र त्याला वाट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मिलिंद प्रकरणात ठाम सांगितलं की नोंद जशी आहे तशीच वाचायची. तिच्यात आणखी कुणाचा समावेश होतो का, यासाठी पुरावा घेणंही न्यायालयाच्या अधिकारात नाही. त्या प्रकरणात ‘हलबा’ या नोंदीत हलबा-कोष्टी येतात का हा प्रश्न होता, आणि उत्तर नाही असं आलं. त्याच वाटेने मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये धनगर-धनगडच्या याचिका फेटाळल्या. मणिपूरमध्ये २०२३ साली उच्च न्यायालयाने मैतेईंच्या समावेशाबाबत राज्याला शिफारस करायला सांगितलं होतं. तेसुद्धा नंतर याच निकालाच्या आधारे आदेशातून काढावं लागलं. तेव्हा एका अक्षरावर अवलंबून राहिलेली मागणी कोर्टात टिकणार नाही, हे मी माझ्या धनगर पक्षकारांना तोंडावर सांगतो. त्यांना ते आवडत नाही, पण खोटी आशा दाखवणं मला पटत नाही.

मग धनगरांनी नव्याने प्रस्ताव मांडला तर? एकेक निकष घेऊन बघा. वेगळ्या संस्कृतीची बाजू भक्कम आहे. हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांची भेट होते, ती एकदा जवळून पाहा. ढोल, भंडारा, बिरोबाच्या ओव्या आणि गजनृत्य, हे सगळं उघड दिसतं आणि ते जुनं आहे. मेंढरं घेऊन सहा-आठ महिने वाड्यावर राहणाऱ्यांचं जगणंही गावच्या जगण्याहून वेगळं आहे. अडचण येते अलगपणाच्या निकषाला. सांगोला, माळशिरस, मंगळवेढा इथला धनगर गावात घर, शेती, सोसायटी, ग्रामपंचायत, साखर कारखाना अशा सगळ्या व्यवहारात आहे. खुटेकर, हटकर, शेगर हे सगळे पोटगट मिळून हा राज्यभर पसरलेला मोठा समाज आहे. लोकूर समितीचं ‘मिसळून गेलेल्या’ जमातींबद्दलचं वाक्य महानिबंधकांनी इथे लावलं, तर अख्ख्या समाजासाठी उत्तर देणं अवघड जाईल. राज्याने धनगरांना १९९० च्या दशकात भटक्या जमातींत ‘क’ गटात ठेवून साडेतीन टक्के दिले, त्यामागेही ही अडचण आहेच.

इथे कलम ३४२ मधले ते शब्द उपयोगी पडतात. माझं स्पष्ट मत आहे की अख्ख्या समाजाचं नाव घालण्याऐवजी, सह्याद्रीच्या माथ्यावर वाड्या करून राहणारे गवळी धनगर आणि वर्षभर कळपामागे फिरणारे मेंढपाळ अशा विशिष्ट गटांचा स्वतंत्र अहवाल केला, तर तो निकषांना कितीतरी अधिक पुरा पडेल. राजकीयदृष्ट्या हे कुणालाच पसंत पडत नाही. सांगोल्याच्या सुस्थितीतल्या घराला त्यात काहीच मिळत नाही, आणि मोर्चा भरतो तो तिथल्याच माणसांनी. दुसऱ्या बाजूने, आधीपासून यादीत असलेल्या आदिवासींची भीतीही खरी आहे. राज्यात त्यांना सात टक्के आरक्षण आहे. त्यात एवढा मोठा आणि पुढे आलेला समाज घेतला, तर कातकरी किंवा कोलाम पोरांच्या वाट्याला काय उरणार, हा प्रश्न टाळता येत नाही.

दुसऱ्या पायरीबद्दल थोडंच सांगतो, कारण पारधी असूनही दाखला अडतो तो तिथे. प्रांत कार्यालय दाखला देतं, पण नोकरी, निवडणूक किंवा व्यावसायिक शिक्षणासाठी त्याची पडताळणी पुण्याच्या अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडून व्हावी लागते. ही व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून आली. तो निकाल महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर होता. १९५० पूर्वीची नोंद असेल तर तिला सगळ्यात जास्त वजन असतं. एखाद्या शाळेच्या जनरल रजिस्टरात, १९४८ सालच्या पानावर, आजोबांच्या नावापुढे ‘हिंदू फासेपारधी’ असं लिहिलेलं सापडलं, की बहुतेक वेळा काम होतं. शाळाच पाहिली नाही अशा घराला जन्म-मृत्यूची नोंद आणि सेटलमेंटच्या काळचे कागद शोधावे लागतात. काहीच मिळालं नाही तर दक्षता पथक घरी येतं आणि बोली, लग्नातले विधी, कुळं, देव यांबद्दल विचारतं. सोलापुरात वाढलेल्या, पालावर कधीच न राहिलेल्या पोराला ती उत्तरं येत नाहीत, आणि तेवढ्यावरून दावे फेटाळले जात. सर्वोच्च न्यायालयाने आधी २०११ मध्ये आणि मग मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की ही नातेचाचणी म्हणजे अंतिम कसोटी नाही. जुनी आणि विश्वासार्ह कागदपत्रं असतील तर नुसत्या चाचणीवर दावा नाकारता येत नाही. पडताळणीचं प्रकरण चालू असेल तर हा निकाल समितीपुढे लेखी द्या, तोंडी सांगून भागत नाही.

याच्या अगदी उलट अडचण पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या कोळ्यांची आहे. यादीत २९ क्रमांकाला ‘कोळी महादेव, डोंगर कोळी’ अशी नोंद आहे. त्यांच्या जुन्या रजिस्टरात बहुतेक वेळा नुसतं ‘हिंदू कोळी’ असतं. कोळी या नावाखाली विशेष मागास प्रवर्गातलेही अनेक समाज येतात, त्यामुळे एवढ्या नोंदीवर समिती महादेव कोळी मानत नाही. पुढे कुणी त्याच नोंदीपुढे वेगळ्या शाईने ‘महादेव’ जोडलेलं दिसलं, तर दाव्याबरोबर माणूसही अडकतो. असे कागद माझ्याकडे येतात आणि मी ते परत करतो. २००० सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे खोटा दाखला घेणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या बहिरा निकालानंतर नोकरी किंवा पदवी आता बऱ्याच वर्षांची झाली, एवढ्या कारणावर वाचत नाही.

तुम्ही स्वतः कैकाडी किंवा धनगर असाल आणि यासाठी काही करायचं ठरवत असाल, तर राज्याच्या आदिवासी विकास विभागाकडे माहिती अधिकारात दोन गोष्टी मागा. तुमच्या समाजाबाबत आजवर केंद्राकडे शिफारस गेली आहे का, आणि गेली असेल तर महानिबंधकांनी त्यावर लेखी काय कळवलं. नकार कोणत्या निकषावर आला ते त्या पत्रात असतं, आणि नवा अहवाल लिहायला बसायचं ते तिथून.